पाय मोडलेला स

ज्युनियर केजीत येणाऱ्या बऱ्याच मुलांना ए टू झेडचं गाणं घरूनच पाठ असतं, कुणी मोबाइलवर ऐकलेलं, कुणी मोठ्या बहिणीकडून, आणि ए फॉर ॲपल पासून झेड फॉर झेब्रा पर्यंत न अडखळता सगळं म्हणूनही दाखवतात. आईबाबांना वाटतं झालं, आता वाचायलाच लागेल. मग मी त्याच मुलाच्या हातात एक सॉक देते आणि विचारते, हा शब्द म्हणायला लागलास की तोंडातून पहिला आवाज कुठला येतो? मूल सॉककडे बघतं आणि म्हणतं, "पायात घालतात."

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण चार-पाच वर्षांच्या मुलासाठी शब्द म्हणजे वस्तूच असते. सॉक हा शब्द आवाजांचा बनलाय, त्याला सुरुवात आहे, मधला भाग आहे, शेवट आहे, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. आणि एस हे अक्षराचं नाव पाठ असून त्याचा काही उपयोग नाही कारण एस-ए-टी ही तीन नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यातून सॅट निघत नाही. निघतं ते स्, ॲ, ट् या आवाजांतून. म्हणून आमच्या बालवाडीत वर्षाच्या सुरुवातीला पुस्तक नसतं, एक टोपली असते, काही कार्डं असतात आणि घरातल्या साध्या वस्तू. आम्ही त्याला आवाजांची शोधाशोध म्हणतो. आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण हल्ली खूप पालक हे घरी करायला बघतात आणि छान कार्डांचा सेट विकत आणूनही गाडी अडते, आणि अडते ती जवळजवळ नेहमी दोनच ठिकाणी. एक म्हणजे आपण आवाज कसा काढतो आणि दुसरं, टोपलीत काय ठेवतो.

आधी आवाजाचं.

आपण मराठी माणसं स म्हटलं की त्यात अ आपोआप येतो. क, ख, ग म्हणतच मोठे झालो ना. त्यामुळे एसचा आवाज काय असं विचारलं की आपण बिनधास्त "स" म्हणतो, टीचा "ट", पीचा "प". मग मूल जोडायला बसतं तेव्हा त्याच्याकडे सअ-ॲ-टअ असा माल असतो आणि त्यातून ते "सॅटा" काढतं नाहीतर गप्प बसतं. आपल्याला वाटतं मुलाला जोडता येत नाही. त्याला येतं, पण त्याला दिलेले तुकडेच जोडण्यासारखे नसतात. इंग्लिश फोनिक्ससाठी, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकण्यासाठी, आपल्याला पाय मोडलेला स हवा. स्. आणि आपलं नशीब असं की आपल्या लिपीत हे दाखवायची सोय आहे, मी नवीन ताईंना फळ्यावर स लिहून त्याचा पाय मोडून दाखवते आणि सांगते, इथेच थांबायचं, पुढचा अ तोंडातून बाहेर पडू द्यायचा नाही.

अ शिरला की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि साप फुत्कारतो तसं स्स्स्स् म्हणत रहा. गळा थरथरत नाही, नुसती हवा जाते. आता "स" म्हणा. शेवटी बोटांना थरथर लागली ना, तो अ. ट् आणि प् ला पण हेच चालतं, ते तर कुजबुजल्यासारखे, अगदी तोकडे काढायचे, प् ला ओठ सुटले की संपलं. म् आणि न् मध्ये गळा मुळातच थरथरतो त्यामुळे तिथे बोटं कामाची नाहीत, तिथे तोंड बघायचं. म्म्म्म् म्हणताना ओठ मिटलेलेच राहिले पाहिजेत, उघडले की अ आला. न् ला जीभ वरच्या दातांमागे टेकलेली असते ती सुटली की अ आला. ब्, ड्, ग् मात्र थोडे हट्टी आहेत, त्यांच्यामागे किंचित अ लागतोच, कितीही केलं तरी, तिथे फार ताणायचं नाही, जितका आखूड काढता येईल तितका काढायचा.

म्हणूनच पहिल्या शोधाशोधीसाठी मी ताणता येणारे आवाज घेते. इंग्लंडमधल्या बऱ्याच पद्धतींमध्ये सुरुवातीची सहा अक्षरं एस, ए, टी, पी, आय, एन ही असतात, क्रम थोडा मागेपुढे, कारण एवढ्या सहांत टॅप, पिन, सिट, नॅप असे बरेच छोटे शब्द तयार होतात. वाचनासाठी तो क्रम चांगलाच आहे, आम्हीही पुढे तोच धरतो. पण कानाच्या पहिल्या खेळाला मला एस आणि एम आवडतात. दोन्ही ताणता येतात, तोंडात एकदम वेगळे वाटतात, एकात दातांतून हवा आणि दुसऱ्यात मिटलेले ओठ, त्यामुळे मुलाला गोंधळायला जागा कमी.

कार्डांचं लवकर सांगून टाकते. तळहाताएवढं कार्ड, त्यावर छोट्या लिपीतलं एकच अक्षर, चित्र नाही. चित्र असलं की मूल अक्षर बघतच नाही, सूर्य बघून एस म्हणतं. आणि कार्डाच्या खालच्या कडेला एक जाड रेघ ओढायची, म्हणजे खाली कुठली बाजू ते कळतं, नाहीतर पी उलटा धरला की डी दिसतो आणि एनचा यू होतो. कॅपिटल अक्षरं मी सुरुवातीला काढतच नाही, कारण पुस्तकात जे वाचायचंय ते बहुतेक सगळं छोट्या लिपीत असतं.

आता टोपली. पहिल्या दिवशी सहाच वस्तू, तीन एसच्या आणि तीन एमच्या. आणि खरं सांगायचं तर सगळी मेहनत या सहा वस्तू निवडण्यात आहे.

एका वर्षी एका ताईंनी टोपली भरली होती, दिसायला सुंदर. सॉक, साबण आणि छोट्या डबीत मीठ, म्हणजे सॉल्ट, हे एसचे. मॅट, मास्क आणि पाण्याचा मग हे एमचे. एका मुलाने साबण बरोबर एसच्या कार्डावर ठेवला, मॅट आणि मग एमवर, आणि मग सॉक उचलून तोही एमवर ठेवला, पाठोपाठ मिठाची डबी पण एमवर. ताईंनी हळूच सॉक उचलून एसवर नेला तर त्याने परत आणून एमवर ठेवला, अगदी ठामपणे. मी शेजारी बसले होते, मी त्याला विचारलं, "याला काय म्हणतोस रे तू?" तो म्हणाला, "मोजा." आणि डबीत? "मीठ."

त्याचा कान शंभर टक्के बरोबर होता. म्म्मोजा, म्म्मीठ. तो आवाज ऐकत होता, वस्तूचा अर्थ बाजूला ठेवून शब्दाचा पहिला आवाज काढत होता, जे आम्हाला त्याच्याकडून हवं होतं तेच. त्या वेळी सॉक उचलून एसवर ठेवणं म्हणजे त्याला सांगणं की तुझा कान चुकतोय. असं चार वेळा झालं की मूल ऐकणं सोडून देतं आणि ताईंच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायला लागतं. हे मी पाहिलंय, मूल वस्तू हातात धरून दोन्ही कार्डांच्या मध्ये हवेत थांबतं आणि आपल्या डोळ्यांकडे बघतं. तसं बघायला लागलं की समजायचं, खेळ बिघडला, टोपली बदला.

म्हणून आता आमचा नियम असा की कार्ड बाहेर काढायच्या आधी प्रत्येक वस्तूचं नाव मुलाकडून ऐकायचं. आपण सांगायचं नाही, विचारायचं. त्याला नाव येत नसेल किंवा दुसरंच येत असेल तर ती वस्तू आज टोपलीत नाही. नाहीतर तो शब्द ओळखण्याचा खेळ होतो, आवाज ओळखण्याचा राहत नाही. सेलोटेप आपल्याला एसचा वाटतो पण मूल त्याला टेप म्हणतं किंवा चिकटपट्टी. सॅनिटायझरच्या बाटलीला ते बाटलीच म्हणणार.

मराठी शब्द टोपलीत चालतात का हा प्रश्न पालक हमखास विचारतात, थोड्या काळजीने. माझं मत स्पष्ट आहे. कार्डं येण्याआधी जो नुसता कानाचा खेळ असतो त्यात चालतात, चाललेच पाहिजेत. आवाज वेगळा काढायचं कौशल्य एका भाषेत आलं की ते दुसऱ्या भाषेत घेऊन जाता येतं, आणि मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत ते लवकर येतं. सांडशी, सुपारी, सूप, मिरची, मेणबत्ती, माठ, एवढ्यावर आठवडाभर खेळता येतं. आपल्याकडे तर याची मोठी वाट आधीच घालून दिलेली आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, तिथे अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि माँटेसोरींची महागडी साधनं तिथल्या आदिवासी पाड्यांना परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, दगड अशा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं केली. मूळ माँटेसोरी पद्धतीतही पॉलिशपेपरच्या अक्षरांवरून बोट फिरवताना मुलाला अक्षराचं नाव सांगत नाहीत, आवाज सांगतात. म्हणजे वस्तू आजूबाजूची आणि अक्षराचा आवाज, दोन्ही गोष्टी आपल्या बालवाडीच्या परंपरेत आहेतच.

कार्ड आलं की मात्र मी गाळून घेते. तिथे अशाच वस्तू ज्यांचं नाव आपण मराठी बोलतानाही इंग्लिशच घेतो, किंवा ज्यांचं मराठी नाव त्याच आवाजाने सुरू होतं. साबण आणि सोप दोन्ही स्. बाटली आणि बॉटल दोन्ही ब्. पेन, पिन, पेन्सिल, टॉवेल, टोमॅटो, मग, मास्क, नॅपकिन, बॅट यांना मराठीत सहसा दुसरं कुणी काही म्हणत नाही. आणि ज्या जोड्या भांडतात त्या बाहेर ठेवायच्या, मोजा-सॉक, मीठ-सॉल्ट, बटाटा-पोटॅटो, चमचा-स्पून. पुढे दोन महिन्यांनी हीच भांडणारी जोडी मुद्दाम आणते आणि विचारते, मोजा म्हटलं तर कुठे ठेवशील आणि सॉक म्हटलं तर कुठे? तेव्हा मुलांना त्यात इतकी मजा येते, वस्तू एकच आणि ती या कार्डावरून त्या कार्डावर उड्या मारते.

वस्तूंचा दुसरा सापळा स्पेलिंगचा आहे आणि तो मोठ्यांसाठी आहे, मुलांसाठी नाही. आपण वाचायला शिकलेलो असल्यामुळे आपल्याला शूज ऐकलं की डोळ्यांपुढे एस येतो. मुलाला येत नाही, त्याला श् ऐकू येतो, आणि मराठी कानाला स आणि श वेगळेच आहेत. त्यामुळे शूज आणि शुगर एसच्या टोपलीत नकोत. फोन पीच्या टोपलीत नको, चेअर सीच्या नको, थर्मास टीच्या नको, जिराफ जीच्या नको, नाइफ केच्या तर नकोच, तशीही सुरी मुलांच्या टोपलीत नको. टोपली भरताना डोळे मिटून नाव उच्चारायचं आणि जो आवाज ऐकू येतो तो धरायचा. मूल घरभर शोधताना स्वतःहून सायकल दाखवून एस म्हणालं तर ते बरोबरच म्हणतंय. "हो, स्स्सायकल, बरोबर ऐकलंस" एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं, स्पेलिंगमध्ये तिथे सी आहे हे आत्ता सांगून काही मिळत नाही.

खेळ कसा चालतो ते सांगते. पहिल्यांदा माझ्या तळहातावर एकच वस्तू, आणि मी म्हणते, "माझ्या हातात असं काहीतरी आहे जे स्स्स् ने सुरू होतं." अर्थात साबणच आहे, मूल साबण म्हणतं, चुकायची शक्यताच नाही, आणि त्यातून त्याला खेळ म्हणजे काय ते समजतं. नंतर दोन वस्तू, साबण आणि पाण्याचा मग. नंतर चार. हे जमलं की कार्ड समोर, बोटाने अक्षर गिरवत आवाज काढायचा, आणि मग वस्तू वाटून ठेवायच्या. सगळ्यात शेवटी खरी शोधाशोध, कार्ड हातात घेऊन वर्गात, व्हरांड्यात, घरी असाल तर स्वयंपाकघरात फिरायचं आणि तो आवाज शोधून आणायचा. बरेच लोक थेट इथूनच सुरुवात करतात कारण धावपळ असते आणि मुलांना आवडते, पण आधीचं झालेलं नसेल तर मूल नुसतं धावतं आणि हाताला लागेल ते घेऊन येतं. आणि वेळ, दहा मिनिटं पुरे. त्यानंतर कान थकतो, आदल्या पाच मिनिटांत बरोबर आलेली वस्तूही चुकायला लागते.

एक जागा आहे जिथे आपल्या मुलांना खरोखर जास्त वेळ लागतो, ती म्हणजे व्ही आणि डब्ल्यू. आपल्याकडे एकच व. व्हॅन आणि वॉच, आपल्या तोंडात दोन्हीची सुरुवात जवळजवळ सारखी, कारण मराठी व ना पूर्ण दातांचा ना पूर्ण गोल ओठांचा. ऐकून हा फरक कळत नाही, निदान सुरुवातीला नाही, त्यामुळे मी कान सोडून आरसा घेते. पाठीमागे स्टँड असलेला छोटा आरसा मुलासमोर. व्ही म्हणजे वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि गुणगुणायचं, ओठाला गुदगुल्या होतात. डब्ल्यू म्हणजे मेणबत्ती विझवायला ओठ करतो तसे गोल, उ म्हणायला जायचं आणि तिथून ओठ सोडायचे, उ-ऑच, वॉच. मागे एक मुलगी होती, टोपलीत खेळण्यातली व्हॅन, बनियन म्हणजे व्हेस्ट, वॉच आणि लोकरीचा गुंडा म्हणजे वूल असं ठेवलेलं, ही इंग्लिश नावं तिला येत होती. ती प्रत्येक वस्तू उचलायची, नाव घ्यायची आणि आरशात बघायची, दात दिसले की या कार्डावर, नाही दिसले की त्या. कानाला फरक पुढे कधीतरी कळला असेल, पण त्या दिवशी तिने डोळ्यांनी चारही वस्तू बरोबर लावल्या. ही दोन अक्षरं एकाच आठवड्यात मात्र आणायची नाहीत, मध्ये चांगला महिनाभर जाऊ द्यायचा. बी आणि डीचं पण तेच, तिथे आवाज वेगळे आहेत पण आकार भांडतात.

स्वरांचा प्रश्न वेगळाच आहे. स्वरांनी सुरू होणाऱ्या वस्तू शोधायला गेलं की पटकन संपतात, ॲपल, एग, इंक, अम्ब्रेला, आणि पुढे सगळे सापळे. आइस लिहितात आयने पण आवाज पिनमधला इ नाही, अक्षराच्या नावासारखा आय येतो. ऑनियन लिहितात ओने पण इंग्लिश बोलणारे अनियन म्हणतात. इरेझर लिहितात ईने आणि ऐकू येतो इ. म्हणून मी स्वर सुरुवातीला शोधायला लावतच नाही फारसे, मी ते मध्ये शोधायला लावते. त्यासाठी मला घरात तीन वस्तू सापडल्यात ज्या मला अजूनही भारी वाटतात, पॅन, पेन आणि पिन. खेळण्यातला छोटा तवा-पॅन, एक पेन आणि नीट बंद केलेली सेफ्टी पिन, ती मी पुठ्ठ्यावर टोचून सेलोटेपने चिकटवते आणि माझ्याच हातात ठेवते. पहिला आवाज तोच, शेवटचा तोच, बदलतो फक्त मधला. ए, ई, आयची कार्डं समोर मांडायची आणि प्-ॲॲॲ-न् असं मधला आवाज ताणून म्हणायचं.

मराठी मुलांना यात एक फायदा आहे, आपल्या लिपीत ॲ वेगळा लिहिता येतो आणि बॅट, मॅच, बँक असे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. पण ज्यांच्या घरी ब्याट, म्याच म्हणतात ती मुलं पॅनला प्यान म्हणतात, आणि मधला आवाज काय विचारलं की "य" म्हणतात. पुन्हा तेच, त्यांनी जे ऐकलं ते बरोबर सांगितलं. तिथे घरची बोली दुरुस्त करायला जायचं नाही. शेळी कशी ओरडते विचारायचं, ती बॅऽऽ करते, त्यातला बॅ बाजूला काढायचा आणि म्हणायचं की पॅनच्या पोटात हा आवाज आहे. बहुतेकांना दोन-चार दिवसांत पकडता येतो.

या सगळ्यानंतरही पालकांचा प्रश्न असतोच, मग वाचायला कधी लागणार? 2000 पासून महाराष्ट्रात मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्लिश आहे त्यामुळे ही घाई मी समजू शकते. शोधाशोधीने वाचन येत नाही, ते मी स्पष्टच सांगते. पहिला आवाज ओळखणं ही एक पायरी आहे, त्यानंतर शेवटचा आवाज, मग मधला, आणि मग तिन्ही जोडणं. म्हणून स्, म्, ट्, प्, न् हे पहिले आवाज पक्के झाले की मी तीच टोपली परत काढते आणि प्रश्न उलटा करते, शेवटी काय ऐकू येतं? कप आता सीच्या कार्डाजवळ जात नाही, पीच्या जवळ जातो. पिन एनच्या. मॅट टीच्या. मूल इथे पुन्हा अडखळतं, सवयीने पहिलाच आवाज सांगतं, तेव्हा शब्द हळू म्हणून शेवटच्या आवाजाला आपण स्वतःच तोंड तसंच धरून ठेवायचं, कप् म्हणून ओठ मिटलेले. मूल आपल्या ओठांकडे बघतं आणि सांगतं.

एक्सचं कार्डही तेव्हाच बाहेर येतं. एक्सने सुरू होणारी घरातली वस्तू शोधायला लावू नका, एक्स-रे मध्ये तर अक्षराचं नावच ऐकू येतं आणि झायलोफोनमध्ये चक्क झेडचा आवाज. एक्सचा क्स् इंग्लिशमध्ये शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी असतो, बॉक्समध्ये, मिक्समध्ये, फॉक्समध्ये, आणि एक रिकामा बॉक्स तर प्रत्येक घरात मिळतोच.